मूर्तीच्या ऑर्डरचे कॅप्शन लिहिताना या चुका टाळा

कोल्हापुरात गंगावेशीतल्या आमच्या कारखान्यात आषाढापासून शाडूचे काम सुरू होते आणि त्याच सुमारास मोबाईलवर मूर्तिकारांची कॅप्शने दिसू लागतात. “इको फ्रेंडली बाप्पा, सर्व साईज उपलब्ध, योग्य दर, बुकिंग सुरू” एवढेच बहुतेकांत असते. फोटो सुंदर असतो, पण गिऱ्हाईकाला जे विचारायचे असते त्यातले एकही उत्तर त्या ओळीत नसते. मग दिवसभर फोन वाजत राहतो आणि रंगाचा हात थांबतो. दोन चुका मात्र अशा आहेत, की त्यांचे परिणाम फोनवर निस्तरत नाहीत.

पहिली चूक उंचीची. “१२ इंच” असे लिहिणाऱ्याने ते कुठून कुठपर्यंत मोजले हे सांगायलाच हवे. साच्यातून निघालेली मूर्ती आपण आसनापासून मुकुटाच्या टोकापर्यंत मोजतो. गिऱ्हाईक मात्र घरी नेऊन ठेवायच्या वस्तूची पूर्ण उंची म्हणून तो आकडा वाचते. चार वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली आहे. शिवाजी पेठेतल्या एका कुटुंबाने कॅप्शन वाचून बारा इंची मूर्ती ठरवली आणि सुताराकडून आतून १५ इंच उंचीचे मखर करून घेतले. तीन इंच मोकळे राहतील, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या मूर्तीखाली दीड इंचाचा पाट होता आणि मुकुटाच्या वर दोन इंच प्रभावळ, म्हणजे एकूण साडेपंधरा इंच. चतुर्थीच्या सकाळी मूर्ती मखरात बसेना. प्रभावळ कापायची म्हटली तर वाळलेला शाडू करवतीखाली तुकड्याने निघतो आणि शेजारची नक्षीही सोबत घेऊन येतो. शेवटी त्यांनी मखराचे छत उतरवले आणि उघड्या मखरात पूजा झाली. त्या घरातले आजोबा मला रागावले नाहीत, पण “लिहिताना नीट लिहीत जा बाळा,” एवढे म्हणाले.

तेव्हापासून मी लाकडी पट्टी पाटाच्या तळाला टेकवून सर्वांत वरच्या टोकापर्यंत मोजतो आणि कॅप्शनमध्ये “एकूण उंची” हाच शब्द लिहितो. सोबत पाटाची रुंदी देतो, कारण चौरंग लहान निघाला तरी अडचण तीच होते. फोटोत मूर्तीशेजारी पट्टी उभी करण्याची सवय लावून घ्यावी. काही नवे मूर्तिकार म्हणतात की त्याने फोटो बिघडतो. मला ते पटत नाही.

दुसरी चूक विसर्जनाची, आणि ती मला जास्त सलते. “दोन तासांत पूर्ण विरघळणारी” हे वाक्य एकमेकांचे पाहून लिहिले जाते, स्वतःची मूर्ती पाण्यात ठेवून कोणी पाहत नाही. एका वर्षी घरगुती विसर्जनाच्या रात्री राजारामपुरीतून एका काकूंचा फोन आला. “अहो दादा, चार तास झाले, बाप्पांचं तोंड अजून पाण्याच्या वरच हाय. खालचं सगळं गेलंय. पोरं रडायला लागल्यात.” मी गेलो तेव्हा बादलीत कमरेखालचा चिखल झाला होता आणि वरचा भाग एका अंगाला कलला होता. मूर्ती शाडूचीच होती. चूक बादलीत होती, आणि बादलीबद्दल कॅप्शनमध्ये मी एक अक्षरही लिहिले नव्हते. घरातल्या नेहमीच्या बादलीची खोली साधारण १२ इंच असते आणि ती काठोकाठ भरता येत नाही, कारण मूर्ती आत गेली की पाणी वर चढते. पंधरा इंचांची मूर्ती तिच्यात बुडणार नाही हे उघड होते, पण ते घरी बसलेल्या माणसाने ओळखावे अशी अपेक्षा मी ठेवायला नको होती.

पुढच्या वर्षी मी तडे गेलेल्या तीन मूर्ती बाजूला ठेवल्या आणि पाण्यात सोडून पाहिल्या. न रंगवलेली नऊ इंची मूर्ती तासाभरात ढासळली. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची तेवढीच मूर्ती पूर्ण बसायला रात्र गेली, कारण रंगाचा थर पाणी अडवतो आणि ते मुख्यतः तळाच्या न रंगवलेल्या भागातून आत शिरते. तळातून बुडबुडे येताना स्पष्ट दिसतात. तिसरीवर हौसेने तेलरंगाचा हात मारला होता. तिचा रंग सकाळी सालीसारखा तरंगत होता आणि आत मातीचे गोळे तसेच होते. तेलरंग लावून वर “पर्यावरणपूरक” लिहिणाऱ्यांविषयी मला आदर वाटत नाही.

म्हणून तासांचे वचन देऊ नका. पाणी मूर्तीच्या वर दोन बोटे राहील एवढे खोल भांडे सांगा आणि ते रात्रभर न ढवळता ठेवायला सांगा. त्याआधी हार, निर्माल्य, वस्त्र, चिकटवलेले खडे काढून घ्यायला सांगा. सकाळी वरचे निवळलेले पाणी झाडांना घालता येते. खालचा गाळ मोरीत ओतला तर पाइप तुंबतो, त्यामुळे तो पसरून वाळवावा. शाडू फार बारीक असतो आणि कुंडीत नुसताच घातला तर घट्ट बसतो, म्हणून एक भाग शाडूला चार भाग बागेची माती घ्यावी. आम्ही वाळलेला शाडू परत घेतो, भिजवून गाळतो आणि पुढच्या हंगामात वापरतो. शाडू आहे म्हणून पंचगंगेत सोडली तरी चालते, असे लिहू नका. गाळ तो गाळच. घरी सोय नसेल तर विसर्जनासाठी ठेवलेल्या मोठ्या कढईसारख्या काहिलीकडे किंवा कृत्रिम कुंडाकडे पाठवा.

बाकीच्या चुका लहान आहेत. “इको फ्रेंडली” लिहून थांबू नका. शाडू, लाल माती की कागदाचा लगदा ते लिहा, कारण तिन्हींचे वजन आणि विरघळणे वेगळे असते. किंमत मेसेजमध्ये सांगण्यासाठी राखून ठेवू नका, कॅप्शनमध्येच लिहा. गेल्या वर्षीचा फोटो वापरू नका. ऑर्डर बंद होण्याचा दिवस लिहा: नारळी पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत सुमारे १९ दिवस मिळतात, आणि आपल्याकडच्या पावसात आठ-दहा दिवस नुसते वाळवण्यात जातात. घाईने पंख्याखाली वाळवलेली मूर्ती बाहेरून कोरडी आणि आतून ओली राहते, आणि रंग दिल्यावर तिला तडा जातो.

आमचे यंदाचे कॅप्शन असे आहे:

“शाडूची गणेशमूर्ती, पाण्यात मिसळणारे रंग. एकूण उंची (पाट आणि प्रभावळीसह) आणि किंमत: साडेनऊ इंच ₹१,१००, १२ इंच ₹१,८००, साडेपंधरा इंच ₹२,९००. पाट मूर्तीसोबत मिळेल, दागिने नाहीत. निम्मी रक्कम आगाऊ. ऑर्डर नारळी पौर्णिमेपर्यंत. मूर्ती नेताना पाटाखालून धरावी, हाताला किंवा प्रभावळीला धरून उचलू नये. पाऊस असल्यास प्लास्टिक आणावे, कच्च्या मातीला थेंबही सोसत नाही. घरी विसर्जन: साडेनऊ इंचांसाठी नेहमीची बादली, १२ इंचांसाठी किमान १५ इंच खोल टब, साडेपंधरा इंचांसाठी किमान १८ इंच खोल पिंप. रात्रभर ठेवावे. वाळलेली माती दसऱ्यापर्यंत कारखान्यात परत घेतली जाईल.”