काळ्या रानात पाणी कधी द्यायचं, मुठीवरून ओळखा

काळी माती हाताला ओलसर लागते, तरी पीक दुपारी मान टाकतं. चिकणमातीने घट्ट धरलेलं शेवटचं पाणी मुळांना ओढताच येत नाही, म्हणून नुसत्या ओलाव्यावर जाऊ नका.

१. पिकाच्या ओळीजवळ वीतभर खोल खणून तिथली माती घ्या. वरची माती फसवते.
२. मुठीत दाबून गोळा करा, मग अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढा.
३. पट्टी निघते, बोटांना ओल लागते: थांबा. गोळा होतो पण ओल लागत नाही, पट्टी तुटते: पाणी द्या. ढेकूळ दाबून फुटत नसेल तर उशीर झालाय.

वाफशापासून कोमेजण्याच्या मर्यादेपर्यंत काळ्या मातीच्या फूटभर थरात साधारण ६० मिमी पाणी असतं. त्यातलं निम्मं संपलं की पाळी द्यायची. पीक रोज ५ मिमी घेत असेल तर सहा दिवस मिळतात. हलक्या रेताड रानात जेमतेम तीन, त्यामुळे दोन्हींना एकच वेळापत्रक लावू नका.

खारवट जमिनीत मात्र ही परीक्षा चालत नाही. तिथे ओल असूनही पीक सुकतं.