उगमापासून समुद्रापर्यंत: नदीची गोष्ट लिहिताना या चुका टाळा

एक मुलगी डोंगरातल्या झऱ्यापाशी उभी राहते, पाण्याच्या काठाकाठाने निघते आणि शेवटी समुद्रापाशी पोहोचते. नदीचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन टप्पे लहान मुलांना सांगायला याहून सरळ कथानक नाही. पण अशा गोष्टी वाचताना त्याच त्या जागी भूगोल घसरतो. आणि गोष्टीतून मनात बसलेली चूक पुढे पाठ्यपुस्तकानेही सहज निघत नाही, म्हणून ती लिहितानाच पकडलेली बरी.

खालच्या उदाहरणांत गोष्टीतली मुलगी ओवी आहे, वय दहा, आणि सोबत तिची आजी. ओवीच्या हाती तीनच वस्तू आहेत: एक लिटरची बाटली, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि वाळक्या काटक्या. प्रत्येक टप्प्यावर ती याच वस्तू वापरते. त्यामुळे नदीतला फरक लेखकाला सांगावा लागत नाही, तो ओवीच्या हातांना कळतो.

चूक पहिली: "डोंगरात नदी सुसाट धावते, मैदानात थकून संथ होते"

ही सगळ्यात खोल रुजलेली चूक आहे, कारण ती डोळ्यांना पटते. डोंगरात पाणी उसळतं, फेसाळतं, आवाज करतं. मैदानात ते गुळगुळीत, गप्प दिसतं. उतार जास्त म्हणजे वेग जास्त, हे तर्कालाही पटतं. पण पाण्याचा सरासरी वेग मोजला तर तो समुद्राकडे जाताना बहुधा तेवढाच राहतो किंवा थोडा वाढतो. अमेरिकन जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी १९५३ साली बऱ्याच नद्यांच्या मोजमापांवरून हे दाखवलं.

कारण घर्षणात आहे. समजा, वरचा ओहोळ १ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल आहे. तळ आणि दोन्ही काठ धरून पाणी १.४ मीटर लांबीला घासत जातं, आणि पाण्याचा छेद असतो फक्त ०.२ चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटर पाण्यामागे ७ मीटर घासणारी कड. आता खाली नदी १५० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल धरू. कड १५६ मीटर, छेद ४५० चौरस मीटर. एका चौरस मीटरमागे कड उरली जेमतेम ३५ सेंटिमीटर. शिवाय वर तळाला दगडधोंडे आहेत, खाली मऊ गाळ. उतार कमी झाला खरा, पण अडवणारे हात त्याहून जास्त कमी झाले. डोंगरातला खळखळाट हा पुष्कळदा दगडांवर आपटून वाया जाणाऱ्या शक्तीचा आवाज असतो.

हे गोष्टीत आणायचं तर काटकीची चाचणी घ्या. काठावर १० मीटर अंतरावर दोन खुणा करायच्या, वरच्या खुणेच्या थोडं आधी प्रवाहाच्या मध्यात काटकी टाकायची आणि दोन खुणांमधला वेळ मोजायचा. हे तीनदा करून सरासरी काढायची. ओवीला वरच्या टप्प्यात २० सेकंद लागतात, मधल्यात १४, खालच्यात ११. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.५, ०.७ आणि ०.९ मीटर. (पृष्ठभागाचं पाणी सरासरीपेक्षा थोडं जलद असतं, म्हणून मोठ्या मुलांच्या गोष्टीत या आकड्याला ०.८५ ने गुणता येईल. लहानांसाठी गरज नाही.)

यातली खरी गंमत वरच्या टप्प्यातच आहे. तिथे काटकी सरळ जातच नाही. दोन दगडांमधून ती बाणासारखी सुटते, पुढच्या डोहात गोल गोल फिरते, दगडाला अडकते, पुन्हा सुटते. ओवी म्हणते, "आजी, ही पळतेय कमी आणि थांबतेय जास्त!" या एका वाक्यात सगळं भौतिकशास्त्र आलं.

तीन खबरदाऱ्या मात्र घ्या. धबधब्यात आणि खळाळात पाणी त्या जागेपुरतं फार जलद असतं, हे नाकारू नका; आपण बोलतोय ते लांब पट्ट्याच्या सरासरीबद्दल. तिन्ही मोजमापं एकाच ऋतूत आणि पूर नसतानाच दाखवा. आणि खालच्या टप्प्यात मुलीला पाण्यात उतरवू नका, कारण तिथे शांत दिसणारं पाणीच जोरात ओढतं. तिला पुलावर उभी करा. वरच्या बाजूने ओवी काटकी टाकते, खालच्या बाजूला आजी ती बाहेर येताना बघते आणि पुलाची रुंदी हेच मोजलेलं अंतर होतं.

चूक दुसरी: झराच मोठा होत होत नदी होतो

"इवलासा झरा वाढत गेला आणि विशाल नदी झाला" हे वाक्य कानाला गोड लागतं. पण वाढला कशाने? ओवीची बाटली झऱ्याखाली ८ सेकंदांत भरते. खालच्या पुलाखालून जाणारं पाणी दर सेकंदाला लाखो लिटरच्या हिशोबात आहे. हा फरक उपनद्या भरून काढतात, शिवाय काठांतून झिरपत येणारं भूजल. म्हणून वाटेत निदान दोन संगम हवेतच, आणि त्यातला एक असा हवा की दोन्ही प्रवाह जवळपास सारखेच मोठे दिसतात आणि ओवीला प्रश्न पडतो की मुख्य नदी कोणती. झरा हा अनेक उगमांपैकी एक आहे, हे तिला तिथे कळतं. उन्हाळ्यात सर्वात वरचा झरा आटला तर वाहतं पाणी आणखी खाली सुरू होतं, हेही जाता जाता सांगता येईल.

अंतराचा घोटाळाही इथलाच. सरळ रेषेत ४५ किलोमीटर असलेली नदी वळणांमुळे सहज ७० भरते. रोज ८ किलोमीटर चालणाऱ्या मुलीला नऊ दिवस लागतील. एका दिवसात गोष्ट संपवायची असेल तर तीन ठिकाणी वाहनाने थांबा आणि ते तसं लिहा.

चूक तिसरी: वळणाच्या दोन बाजूंची अदलाबदल

मधल्या टप्प्यात नदी नागमोडी होते. इथे शब्द बरोबर असले तरी चित्र चुकतं: वाळूचा किनारा वळणाच्या बाहेरच्या बाजूला आणि उभी कड आतल्या बाजूला काढलेली असते. खरं याच्या उलट आहे. वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, काठ खालून कोरतं, तिथे खोली जास्त असते. पृष्ठभागाचं पाणी त्या काठाशी खाली वळतं आणि तळालगत आतल्या बाजूकडे सरकताना वाळू सोबत नेतं. आतल्या बाजूला वेग कमी, म्हणून वाळू तिथे बसते. ओवीचा डबा उघडायचा तो आतल्या बाजूच्या वाळूवर. तिथून तिला समोर उघडी पडलेली मुळं आणि पाण्यावर झुकलेलं झाड दिसतं.

चित्र तपासायला एकच खूण पुरे: झुकलेली झाडं आणि वाळू एकाच काठावर असतील तर चित्र परत पाठवा. मजकुरात "डावा काठ", "उजवा काठ" लिहिणार असाल तर ते प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरतात. ओवी मागे वळली तरी डावा काठ डावाच राहतो. "वळणाची आतली बाजू" म्हणणं जास्त सुरक्षित.

नालाकृती सरोवर दाखवताना घाई होते. ओवीच्या डोळ्यांसमोर नदी वळण सोडून सरळ झाली, असं लिहू नका. वळणाची मान चिंचोळी व्हायला वर्षानुवर्षं जातात, मग एखाद्या पुरात ती तुटते, आणि सोडलेल्या वळणाची दोन्ही तोंडं गाळाने हळूहळू बुजतात. त्यापेक्षा ओवीला कोयरीसारखं वळलेलं तळं सापडू द्या आणि आजीला सांगू द्या, "मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा नदी इथूनच जायची."

चूक चौथी: एकच दगड समुद्रापर्यंत पोहोचतो

डोंगरातला दगड घरंगळत समुद्राला जातो, ही कल्पना मुलांना आवडते, पण मोठे धोंडे वर्षातला बहुतेक काळ जागचे हलत नाहीत. ते पुरात सरकतात आणि वाटेत फुटून, झिजून लहान होतात. ओवीने प्रत्येक टप्प्यावर तळातून मूठभर काय निघतं ते पाहावं. वर कोनदार, बोटाला टोचणारे दगड. मध्ये गोटे आणि वाळू. खाली गाळ, आणि तो चिमटीत चोळून ओळखता येतो: कण बोटाला खरखरीत लागले तर वाळू, पिठासारखे लागले तर बारीक गाळ, चिकटून वळी झाली तर चिकणमाती. मध्येच कोनदार दगड दिसले तर ती चूक नव्हे. नुकतीच एखादी उपनदी मिळाली असेल, आणि ओवीला ती शोधता येईल.

चूक पाचवी: नदी म्हातारी होऊन समुद्रात संपते

युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था ही नावं शाळेत शिकवतात. पण ओवी वरून खाली येते तेव्हा वाचणाऱ्या मुलाला वाटतं की नदीच आठवडाभरात म्हातारी झाली. तिन्ही टप्पे एकाच वेळी असतात. यावर उपाय सोपा आहे: एका मामेभावाला झऱ्यापाशी ठेवा. शेवटच्या प्रसंगात ओवी त्याला फोन करते आणि तो सांगतो की बाटली अजूनही आठच सेकंदांत भरतेय.

मुखाशी त्रिभुज प्रदेश सक्तीचा नाही. गोदावरी आणि कृष्णा तो तयार करतात, नर्मदा आणि तापी खाडीतून समुद्राला मिळतात. त्रिभुज प्रदेश काढलाच तर फाटे समुद्राकडे पसरत जायला हवेत. त्यांना वितरिका म्हणतात, उपनद्या नव्हे. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात, म्हणून तिथे इतका चिखल असतो.

शेवट काटकीवरच करता येतो. मुखाजवळच्या पुलावरून ओवी सवयीने वरच्या बाजूला काटकी टाकते, आजी खालच्या बाजूला वाट बघते. काटकी येत नाही. ओवी खाली वाकून पाहते तर ती डोंगराच्या दिशेने चालली आहे. भरती सुरू आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, तेव्हा साधारण सहा तासांच्या आत पाणी पुन्हा समुद्राकडे वळेल. आजी डबा उघडते आणि दोघी तिथेच बसून राहतात.