नेटबॉल सामन्याआधीची तयारी: आधी सेंटर पास पक्का करा

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेला मुलींचा संघ पहिल्यांदा घेऊन जाणार असाल, तर तयारीची सुरुवात चुन्याच्या डब्यापासून करा. मैदान ३०.५ मीटर लांब आणि १५.२५ मीटर रुंद आखायचं. लांबीचे तीन समान भाग करून दोन आडव्या रेषा मारल्या की दोन टोकांना गोल थर्ड आणि मधोमध सेंटर थर्ड तयार होतो. जागा कमी असेल तर मैदान लहान आखा, पण या दोन रेषा आणि मधलं ९० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ गाळू नका. बास्केटबॉलच्या मैदानावर अंदाजाने सराव केलेल्या मुली सामन्यात नेमक्या या रेषांवरच सापडतात.

मग बिब वाटा आणि प्रत्येकीला तिच्या हद्दीतून चालत फिरवा. तोंडी पाठ करून घेण्यापेक्षा हे लवकर डोक्यात बसतं. गोल शूटर आपल्या आक्रमणाच्या गोल थर्डमध्येच राहणार, तिथल्या अर्धवर्तुळाकार गोल सर्कलसकट. गोल अटॅकला त्याशिवाय सेंटर थर्डही मोकळा. विंग अटॅक याच दोन थर्डमध्ये खेळते, पण सर्कलमध्ये तिला पाय टाकता येत नाही. बचावाच्या टोकाला हेच उलट्या बाजूने: गोल कीपर आपल्या गोल थर्डमध्ये आणि सर्कलमध्ये, गोल डिफेन्सला शिवाय सेंटर थर्ड, आणि विंग डिफेन्स त्या दोन थर्डमध्ये पण सर्कलच्या बाहेर. सेंटर तिन्ही थर्डमध्ये पळते, सर्कल मात्र दोन्हीकडचे बंद. तिच्यावर विशेष लक्ष ठेवा. शूटरला पास देताना तोल जाऊन तिचा पाय सर्कलमध्ये पडतो आणि ऑफसाइडची शिट्टी वाजते. हात लांबवून आतला चेंडू घेतला तर चालतं, आतल्या जमिनीला स्पर्श झाला की चूक. हातात चेंडू नसला तरी ऑफसाइड लागतोच.

आता सरावाचा मोठा वाटा सेंटर पासला द्या. प्रत्येक क्वार्टरची सुरुवात आणि प्रत्येक गोलनंतरची सुरुवात यानेच होते. गोल कोणीही केला असो, पास दोन्ही संघांच्या सेंटर आळीपाळीने घेतात. म्हणून बाकावरच्या एका मुलीकडे वही द्या आणि पास कोणाचा, याची नोंद ठेवायला सांगा. अधिकृत नोंद स्कोअररकडे असतेच, तरी आपल्या संघाला पुढचा पास कोणाचा हे आधीच माहीत असलं की मुली जागेवर वेळेत पोचतात.

पाससाठी आपली सेंटर मधल्या वर्तुळात चेंडू घेऊन उभी राहते. समोरच्यांची सेंटर सेंटर थर्डमध्ये कुठेही हलू शकते. उरलेल्या सगळ्या जणी शिट्टी होईपर्यंत आपापल्या गोल थर्डमध्ये. शिट्टी वाजल्यावर तीन सेकंदांत चेंडू सुटला पाहिजे आणि तो सेंटर थर्डमध्येच झेलला किंवा स्पर्शला गेला पाहिजे. गोल शूटर आणि गोल कीपरला तिथे येताच येत नाही, म्हणजे पास घेणाऱ्या चारच: विंग अटॅक, गोल अटॅक, विंग डिफेन्स, गोल डिफेन्स. सहसा पहिली पसंती विंग अटॅकला असते, आणि समोरच्यांनाही ते ठाऊक असतं.

समजा, तिच्या अंगाला चिकटून त्यांची विंग डिफेन्स रेषेवर उभी आहे. शिट्टी होते, आपली विंग अटॅक एक पाऊल आत टाकते, वाट अडलेली दिसते म्हणून मागे वळून उडी घेते आणि चेंडू पकडते. खाली येताना एक पाय सेंटर थर्डमध्ये, दुसरा त्याच क्षणी गोल थर्डमध्ये. पास गोल थर्डमध्ये घेतला असं धरलं जातं आणि फ्री पास समोरच्यांना. तोच पाय आधी पूर्णपणे सेंटर थर्डमध्ये टेकला असता आणि दुसरा नंतर रेषेपलीकडे गेला असता, तर पास बरोबर होता. म्हणून सरावात तिला रेषेपासून दोन-तीन पावलं आत येऊनच चेंडू मागायची सवय लावा. रेषेजवळ एका मुलीला फक्त पाय बघायला बसवा, चेंडूकडे बघू नकोस म्हणावं.

दुसरी चूक घाईची. शिट्टीआधी रेषा ओलांडली तरी फ्री पास जातो. सरावात शिट्टी तुम्ही स्वतः वाजवा, आणि कधी पटकन, कधी थांबून वाजवा. ठरावीक लयीत वाजवलीत तर मुली कानाऐवजी अंदाजाने पळतात.

विंग अटॅक पूर्ण अडली तर सेंटरने वाट बघत तीन सेकंद घालवू नयेत. तिने मागे वळून विंग डिफेन्सला द्यावा. हा दुसरा पर्याय आदल्या दिवशीच ठरवा आणि विंग डिफेन्सला सांगून ठेवा, कारण बचावाच्या मुली आपल्याला पास येणार नाही असं धरून बहुतेक वेळा रेषेमागेच उभ्या राहतात.