फोटोवरून काढलेलं माप कितपत खरं?

भिंतीतल्या खिडकीची रुंदी फोटोवरून मोजायची, तर आधी पाहा की संदर्भाची पट्टी नेमकी कुठे ठेवली आहे. मोठी चूक बहुतेक वेळा इथेच होते. कॅमेरा भिंतीपासून 2 मीटरवर आहे आणि पट्टी भिंतीच्या 10 सेंटिमीटर पुढे धरली आहे, असं समजा. जवळ असल्याने पट्टी मोठी दिसते, आणि 120 सेंटिमीटरची खिडकी हिशेबात 114 भरते. लेन्स कितीही चांगली असो, ही 5 टक्क्यांची चूक राहतेच. पट्टी भिंतीला चिकटवूनच ठेवा.

आता पट्टीची लांबी. 30 सेंटिमीटरची पट्टी फोटोत 400 पिक्सेल व्यापते आणि प्रत्येक टोक ओळखताना 2 पिक्सेल इकडेतिकडे होतात. म्हणजे 1 टक्का अनिश्चितता, जी खिडकीवर 1.2 सेंटिमीटर होते. खिडकीच्या स्वतःच्या कडा ओळखण्यातली चूक धरून उत्तर 120 ± 1.5 असं लिहावं, 120.3 लिहिणं ही निव्वळ हौस. मीटरभर लांब पट्टी घेतली की हा आकडा बराच खाली येतो.

कोन आणि लेन्ससाठी चौकटच पुरेशी साक्ष देते. समोरासमोरच्या बाजू समांतर दिसत नसतील तर कॅमेरा तिरपा होता. सरळ कड बाहेर फुगली असेल तर लेन्सची विकृती आहे. मागे सरकून, खिडकी मधोमध घेऊन पुन्हा फोटो काढा.

शंका असेल तर खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी लावा आणि एकीवरून दुसरी मोजा.