‘आम्ही’ की ‘आपण’? क्रियापदाकडे बघा

कोल्हापुरात मित्र म्हणाला, “आम्ही मिसळ खायला चाललोय,” तर त्यात तुम्ही नाही. “आपण मिसळ खायला जाऊया,” म्हणाला, की चप्पल घाला. समोरचा माणूस धरला तर ‘आपण’, वगळला तर ‘आम्ही’. मराठी शिकणारे नेमके इथे चुकतात: घरी आलेल्या पाहुण्यांनाच “आपण रंकाळ्याजवळ राहतो” सांगतात, आणि पाहुणे गोंधळतात. तिथे “आम्ही राहतो” हवं.

आता खरी मेख. ‘आपण’ हे ‘तुम्ही’चं अधिक आदराचं रूपही आहे. ओळखायचं क्रियापदावरून: “आपण कधी आलो?” म्हणजे तुम्ही-मी मिळून, “आपण कधी आलात?” म्हणजे फक्त समोरचे. बोलताना मात्र मोठ्यांना ‘तुम्ही’ पुरतं. ‘आपण आलात’ सभेत, पत्रात शोभतं.