फोटोतल्या टेबलची उभी-तिरकी हेडिंग्ज आडवी करताना या चुका टाळा

टेबलचा फोटो काढून त्यातला डेटा शीटमध्ये आणायचा असेल तर आकडे बहुतेक वेळा नीट येतात, अडतं ते वरच्या ओळीत. कॉलम अरुंद असले की हेडिंग्ज उभी किंवा तिरकी छापलेली असतात, मग ओसीआर, म्हणजे फोटोतला मजकूर वाचणारं टूल, एकतर ती गाळतं किंवा त्या जागी सुटी अक्षरं, काना-मात्रा आणि उभ्या रेघा असा कचरा देतं. बहुतेक जण इथे शब्द वाचता यावेत म्हणून सगळी मेहनत घेतात. पण माझ्या अनुभवात शब्द वाचणं हा सोपा भाग आहे, खरी फसगत होते ती बरोबर वाचलेलं हेडिंग चुकीच्या कॉलमवर बसल्यामुळे, कारण ते दिसायला अगदी व्यवस्थित दिसतं.

माझ्या बाबतीत झालेलं सांगते. गुणपत्रकाचा फोटो होता, नाव आणि एकूण ही दोन हेडिंग्ज आडवी, आणि मधे भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल ही पाच उभी. मी वरची पट्टी कापली, फिरवली, ओसीआरला दिली, पाचही शब्द एकदम स्वच्छ आले. ते वरून खाली जसे आले तसे डावीकडून उजवीकडे बसवले. मग तपासायला मधला कॉलम फोटोशी ताडून बघितला, विज्ञान, बरोबर. बेरीज करून बघितली, एकूणशी जुळली. आणि तरी सगळं उलटं बसलं होतं! पाच हेडिंग्ज उलट क्रमाने लावली तर मधलं जागेवरच राहतं आणि बेरजेला क्रमाशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे माझ्या दोन्ही तपासण्या पास झाल्या. सापडलं कशामुळे तर भूगोलाच्या कॉलममध्ये एकाला 78 गुण दिसले आणि तो पेपर होता 50 चा. 100 चा पेपर फक्त भाषेचा होता.

फिरवायची दिशा आणि क्रम

हे उलटं का झालं ते नीट समजून घ्या, कारण ही चूक सगळ्यात जास्त होते. उभं हेडिंग दोन प्रकारचं असतं. एक खालून वर वाचायचं, म्हणजे अक्षरांचा माथा डावीकडे, आणि दुसरं वरून खाली वाचायचं, म्हणजे माथा उजवीकडे. पहिला प्रकार जास्त दिसतो. तो आडवा करायला पट्टी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने 90 अंश फिरवायची, तेव्हा पट्टीची डावी कड वर जाते, म्हणून पहिल्या कॉलमचं हेडिंग पहिल्या ओळीत येतं आणि क्रम आपोआप बरोबर राहतो. दुसऱ्या प्रकारात पट्टी उलट्या दिशेने फिरवावी लागते आणि तेव्हा डावी कड खाली जाते. म्हणजे वरची पहिली ओळ ही शेवटच्या कॉलमची असते, आणि यादी खालून वर वाचली तरच क्रम बरोबर लागतो. माझं पत्रक या दुसऱ्या प्रकारातलं होतं.

त्यात भर म्हणजे प्रत्येक टूलमध्ये प्लस-मायनसचा अर्थ वेगळा आहे. पायथनच्या पिलो लायब्ररीत `rotate(90)` दिलं की चित्र काट्याच्या उलट फिरतं, इमेजमॅजिकमध्ये `-rotate 90` दिलं की काट्याच्या दिशेने. शिवाय पिलोमध्ये `expand=True` विसरलात तर जुन्या मापाच्या चौकटीबाहेर गेलेला भाग कापला जातो, म्हणजे लांब पट्टीतली कडेची हेडिंग्जच गायब. खालून वर वाचायच्या हेडिंग्जसाठी, आधी सरळ केलेल्या फोटोवर, मी एवढंच वापरते, `crop` मधले चार आकडे म्हणजे पट्टीची डावी, वरची, उजवी आणि खालची कड, ते आपल्या फोटोप्रमाणे बदला:

```python
from PIL import Image, ImageOps
im = ImageOps.exif_transpose(Image.open("table.jpg"))
patti = im.crop((410, 90, 710, 270)).rotate(-90, expand=True)
patti = patti.resize((patti.width * 2, patti.height * 2))
patti.save("header.png")
```

```
tesseract header.png out -l mar+eng --psm 6
```

दुसऱ्या ओळीतलं `exif_transpose` काढू नका. मोबाईल फोटो आडवाच साठवतो आणि सोबत "दाखवताना फिरव" अशी खूण ठेवतो, गॅलरी ती खूण पाळते पण पिलो स्वतःहून पाळत नाही, आणि मग आपण भलत्याच पट्टीवर भलत्या दिशेने काम करत बसतो. दुप्पट मोठं करायचं कारण असं की इथे पाच कॉलम प्रत्येकी 60 पिक्सेलचे आहेत आणि त्यातली अक्षरं 15-18 पिक्सेल उंच, टेसरॅक्ट या ओसीआरला साधारण 30 पिक्सेल मिळाले की मात्रा आणि अनुस्वार बरेच कमी सुटतात. अर्थात फोटोच धूसर असेल तर मोठा करून त्यात नवीन काही येणार नाही, अशा वेळी फक्त हेडरचा जवळून दुसरा फोटो घ्या.

तिरकी हेडिंग्ज: वरचं टोक बघू नका

तिरक्या हेडिंग्जमध्ये अजून एक गोम आहे. हेडिंगचा पाय त्याच्या कॉलमवर टेकलेला असतो पण डोकं भलत्याच कॉलमवर गेलेलं असतं. वरचीच मापं घ्या, कॉलम 60 पिक्सेल, हेडरची उंची 180, तिरकेपणा 45 अंश. 45 अंशात जेवढं वर तेवढंच बाजूला, म्हणजे वरचं टोक 180 पिक्सेल उजवीकडे, म्हणजे पूर्ण 3 कॉलम पलीकडे. भाषा या खान्याचं वरचं टोक इतिहासाच्या डोक्यावर आलेलं असतं. आता कुणी ओसीआरने दिलेल्या चौकोनाचा मध्य घेऊन "हा ज्या कॉलमवर येतो तो त्याचा" असा नियम लावला तर काय होतं बघा. छोटा शब्द पायाजवळच संपतो, तो आपल्याच कॉलममध्ये राहतो, पण 200 पिक्सेल लांबीच्या हेडिंगचा मध्य जवळपास 70 पिक्सेल सरकतो आणि शेजाऱ्याच्या कॉलममध्ये जाऊन बसतो. म्हणजे सगळी हेडिंग्ज सारखी सरकत नाहीत, एका कॉलमवर दोन आणि शेजारी एक रिकामा असं दिसायला लागतं. असा निकाल दिसला की समजायचं जुळवणी मध्यावरून झाली आहे. जुळवायचं ते टेबलाला टेकलेल्या टोकावरून, मग ते शब्दाचं पहिलं अक्षर असो की शेवटचं, कारण तिरकी रेघ उजवीकडे उतरती असेल तर टेबलाला शब्दाचं शेवटचं टोक टेकतं.

कापताना पण हेच लक्षात ठेवा. पट्टी टेबलच्या उजव्या कडेपर्यंतच कापली तर शेवटच्या दोन-तीन हेडिंग्जची डोकी बाहेर राहतात, फोटो काढतानाच कडेला चिकटून काढला तरी तेच. वरच्या मापात उजवीकडे अजून 180 पिक्सेल जागा लागेल, म्हणजे 710 ऐवजी 890 पर्यंत कापायचं. मग `rotate(-45, expand=True, fillcolor="white")`. फिरवल्यावर ओळी जिन्यासारख्या दिसतील, प्रत्येक पुढची ओळ साधारण 42 पिक्सेल खाली आणि तेवढीच उजवीकडे, यात काही चुकलेलं नाही. उतरत्या हेडिंग्ज असतील तर उलट दिशेने फिरवावं लागेल आणि क्रमही वर सांगितल्यासारखाच उलटेल.

काही जण पट्टी फिरवण्याऐवजी तिरकी ओढून खाने सरळ करतात, खाने सरळ होतात पण अक्षरं विकृत होतात आणि देवनागरीत ते लगेच बाधतं. मात्र फोटोच तिरका काढलेला असेल तर आधी पूर्ण टेबलचे चार कोपरे धरून टेबल सरळ करा आणि मगच कोन मोजा. तसं नाही केलं तर डाव्या टोकाचं हेडिंग 45 अंशात आणि उजव्या टोकाचं 52 अंशात असं काहीतरी होतं आणि एकाच कोनाने फिरवून सगळी कधीच नीट येत नाहीत.

रेघा पुसताना शिरोरेघा जाते

ही अडचण आपल्या लिपीची आहे त्यामुळे इंग्रजीतल्या सूचना वाचून काम करणाऱ्याला कळतच नाही की बिघडलं कुठे. टेबलच्या रेघा ओसीआरला त्रास देतात म्हणून आधी आडव्या-उभ्या लांब रेघा शोधून पुसायची पद्धत आहे, ओपनसीव्हीमध्ये उभ्या रेघेसाठी 40 पिक्सेलसारखा उभा पट्टा घेऊन. पण उभ्या हेडिंगमध्ये शिरोरेघाच उभी असते! विज्ञानाची शिरोरेघा 70 पिक्सेलची असेल तर ती 40 च्या चाळणीत खान्याची रेघ म्हणून सापडते आणि पुसली जाते. निकालात शब्दाचे तुकडे, ग ऐवजी काना, असं काहीतरी येतं, आणि आकडे मात्र व्यवस्थित असतात म्हणून संशय येत नाही. पुसलेलं चित्र एकदा डोळ्यांनी उघडून बघा, लगेच दिसेल. उपाय म्हणजे चाळणीची लांबी सगळ्यात लांब शब्दापेक्षा जास्त ठेवायची, 180 उंचीच्या हेडरमध्ये 150 वगैरे. आणि हेडिंगच जवळपास पूर्ण उंची व्यापत असेल तर पुसण्याच्या भानगडीतच पडू नका, प्रत्येक खाना कडेपासून 3-4 पिक्सेल आत कापून एकेक वेगळा वाचा, `--psm 7` देऊन, म्हणजे चित्रात एकच ओळ आहे असं सांगून.

दोन ओळींचं एक हेडिंग

खाना खाना कापण्याचा अजून एक फायदा आहे. "जन्म" आणि खाली "तारीख" असं दोन ओळीत लिहिलेलं उभं हेडिंग फिरवलेल्या पट्टीत दोन स्वतंत्र ओळी म्हणून येतं आणि तिथून पुढचं प्रत्येक हेडिंग एक घर सरकतं. म्हणून ओळी किती आल्या ते आधी मोजा, खालच्या कॉलमच्या संख्येशी जुळलं नाही तर पुढे जाऊच नका. अशा खान्याला `--psm 7` नको, `6` द्या आणि आलेल्या ओळी एका स्पेसने जोडा, सेलमध्ये लाईन ब्रेक ठेवू नका. वर "पहिली चाचणी" असं आडवं मोठं हेडिंग आणि त्याच्या पोटात तोंडी, लेखी अशी उभी असतील तर एका ओळीत आणताना दोन्ही जोडून "पहिली चाचणी लेखी" असं लिहा, नाहीतर दुसऱ्या चाचणीचं लेखी आणि हे लेखी यात फरकच उरत नाही.

अक्षराखाली अक्षर असं रचलेलं हेडिंग असेल, म्हणजे प्रत्येक अक्षर सरळच आहे पण शब्द उभा उतरतोय, तर फिरवू नका, फिरवलं तर अक्षरं आडवी पडतील. तिथे सरळ हाताने टाईप करणं लवकर होतं.

आणि शेवटी तपासताना मधला कॉलम घेऊ नका, पहिला आणि शेवटचा घ्या, क्रम उलटला किंवा सरकला असेल तर या दोघांत दिसतोच. मग प्रत्येक कॉलमचा सगळ्यात मोठा आकडा त्याच्या हेडिंगला शोभतो का बघा. पण एकाच मापाचे दोन शेजारी कॉलम, जसं 50 चा इतिहास आणि 50 चा भूगोल, आपसात बदलले असतील तर ते कुठल्याच आकड्यावरून कळणार नाही, तिथे मूळ फोटो मोठा करून हेडिंगच्या पायापासून खालच्या आकड्यापर्यंत बोट फिरवावंच लागतं.