दुसरी पाळी सुरू करण्याआधी: पायरीपायरीने वाढणाऱ्या स्थिर खर्चाचा हिशेब कसा करावा

नगामागची विक्री किंमत, बदलता खर्च आणि त्यांतील फरक म्हणजे अंशदान, हे आपल्याला माहीत आहे असे मी धरून चालतो. येथे प्रेसवर ब्रॅकेट काढणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे कल्पित आकडे घेतले आहेत. विक्री किंमत ८० रुपये, बदलता खर्च ५५ रुपये आणि अंशदान २५ रुपये आहे. एका पाळीत महिन्याला १०,००० नग निघतात आणि तिचा स्थिर खर्च २,००,००० रुपये आहे.

प्रथम पायरीची उंची ठरवा. दुसऱ्या पाळीचा खर्च म्हणजे केवळ सुपरवायझरचा पगार नव्हे. पीएफमधील मालकाचा हिस्सा, बोनस आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरून सुपरवायझर ३८,००० रुपयांना पडतो, तपासनीस २२,००० रुपयांना, आणि रात्रीचा पहारा, दिवे व देखभाल यांना १५,००० रुपये लागतात. म्हणजे पायरी ७५,००० रुपयांची झाली आणि १०,००० नगांपुढे स्थिर खर्च २,७५,००० रुपये झाला. दोन पाळ्यांची क्षमता १८,००० नग धरू.

मग प्रत्येक टप्प्याचा ना-नफा-ना-तोटा बिंदू वेगळा काढा. पहिल्या टप्प्यात २,००,००० ला २५ ने भागून ८,००० नग येतात, तर दुसऱ्यात ११,००० नग.

बहुतेक हिशेब चुकतात ते यापुढे, आणि मलाही सर्वाधिक वेळ याच ठिकाणी लागला होता. दोन्ही टप्प्यांच्या खर्चाची सरासरी घेऊन एकच बिंदू काढावा, असा सल्ला अनेक जण देतात. तो मुळीच मानू नये. सरासरी २,३७,५०० रुपये येते आणि बिंदू ९,५०० नगांवर दिसतो, पण ९,५०० नगांवर कारखान्याला प्रत्यक्षात ३७,५०० रुपये नफा होत असतो. सरासरीइतका स्थिर खर्च कोणत्याही महिन्यात होत नाही, त्यामुळे त्यावरून निघालेल्या बिंदूलाही काही अर्थ उरत नाही.

आलेला प्रत्येक बिंदू त्याच्या स्वतःच्या टप्प्यात बसतो का, हे तपासलेच पाहिजे. ८,००० हा १०,००० च्या आत आहे आणि ११,००० हा १०,००१ ते १८,००० यांच्या दरम्यान आहे, म्हणून येथे दोन्ही बिंदू खरे आहेत. समजा १८,००० नगांनंतर तिसऱ्या पाळीसाठी आणखी १,००,००० रुपये लागतात. त्या टप्प्याचे गणित १५,००० नग दाखवते, परंतु १५,००० नगांना तिसरी पाळी लागतच नाही. हा बिंदू बाद करावा. त्या टप्प्यात कुठेही तोटा नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तरीही तोटा नाही म्हणजे पाळी परवडली, असे होत नाही. १०,००० नगांवर नफा ५०,००० रुपये होता. दुसऱ्या पाळीत तेवढाच नफा मिळवायला २,७५,००० आणि ५०,००० यांच्या बेरजेला २५ ने भागून येणारे १३,००० नग विकावे लागतात. पायरीच्या खर्चाला अंशदानाने भागले की तोच आकडा थेट मिळतो: ७५,००० भागिले २५, म्हणजे ३,००० जादा नग. महिन्याला १२,००० नगांची ऑर्डर आली म्हणून पाळी सुरू केली, तर नफा ५०,००० वरून २५,००० रुपयांवर येतो, आणि १०,५०० नगांवर तर १२,५०० रुपये तोटा होतो. म्हणून निर्णय ११,००० या आकड्यावर नव्हे, तर १३,००० वर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

१०,००० ते १३,००० नगांच्या मधल्या पट्ट्यासाठी ओव्हरटाइमचा हिशेब अवश्य मांडावा. कायद्याने ओव्हरटाइमला मजुरीचा दर दुप्पट आहे. नगामागे मजुरी ८ रुपये असेल, तर जादा नगांवरचे अंशदान २५ वरून १७ रुपयांवर येते. तेच २,००० जादा नग ओव्हरटाइमवर काढले, तर ३४,००० रुपयांची भर पडून नफा ८४,००० रुपये होतो. मात्र ओव्हरटाइमच्या तासांना कायदेशीर मर्यादा आहे, आणि सुपरवायझरला थांबण्याबद्दल वेगळा मोबदला द्यावा लागत असेल, तर तो या ३४,००० मधून वजा करावा.

शेवटी मंदीच्या महिन्याचे गणित करून ठेवावे, कारण पायरी चढता येते तितक्या सहज उतरता येत नाही. नेमलेल्या सुपरवायझरला मागणी घटली त्याच दिवशी काढता येत नाही. नोटिशीचा काळ असतो, आणि शिकवून तयार केलेला माणूस सोडायला मालकही तयार नसतो. विक्री ९,००० नगांवर आली आणि खर्च २,७५,००० वरच राहिला, तर त्या महिन्यात ५०,००० रुपये तोटा होतो. एकाच पाळीवर असता, तर २५,००० रुपये नफा झाला असता. म्हणून १३,००० हून अधिक नगांची मागणी निदान किती महिने टिकेल, हे ग्राहकाकडून लेखी घेतल्याशिवाय नेमणूकपत्र देऊ नये.